पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद आणि जिन्याखाली थांबलेला संसार
(पुण्यातील घरमालकांना आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र)

घरमालकांनो आणि सोसायटीच्या कमिटीतील मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

मी गेली दहा वर्षे घरोघरी जाऊन भाडेकराराची नोंदणी करून देते. लॅपटॉप, थंब मशीन, छोटा कॅमेरा एवढी माझी सामग्री. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदार, आणि करार नोंदवला जातो. त्याच बैठकीत हमखास कोणीतरी विचारते, "आणि ते पोलीस व्हेरिफिकेशनचं कसं?" या एका प्रश्नाभोवती मी इतका गोंधळ पाहिला आहे की शेवटी तुम्हा सर्वांना लिहायला बसले.

निमित्त एका रविवारचे आहे. खराडीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक निवृत्त, राहायला सांगलीला. भाड्याने घेणाऱ्या तीन मुली, तिघी एकाच खासगी रुग्णालयात परिचारिका. भाडे एकवीस हजार, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सात. करार मीच नोंदवून दिला होता. त्या रविवारी सकाळी त्यांचा टेम्पो गेटवर आला आणि वॉचमनने अडवला. पोलीस व्हेरिफिकेशनची शिक्का मारलेली प्रत आणल्याशिवाय सामान आत सोडायचे नाही, असा चेअरमनचा निरोप होता. टेम्पोवाल्याला दुसरे भाडे होते. त्याने दोन गाद्या, एक छोटा फ्रीज, गॅसची शेगडी आणि भांड्यांची पोती बिल्डिंगच्या जिन्याखाली उतरवली आणि तो निघून गेला. तिघींपैकी औसा तालुक्यातली जी मुलगी होती तिची नाईट झालेली. ती युनिफॉर्मवरच फ्रीजला टेकून बसली होती. मी पोहोचले तेव्हा तिने मला विचारले, "मॅडम, आम्ही काय कमी दिलंय?"

तिने काहीही कमी दिले नव्हते. फोटो, ओळखपत्र, गावाकडचा पत्ता, नोकरीचे पत्र, सगळे तिने टोकन देतानाच मालकांकडे पाठवले होते. कमिटीला जो कागद हवा होता तो मुळात अस्तित्वातच नव्हता.

आपण एकाच नावाने तीन वेगवेगळे कागद मागतो, तिथे सगळी गडबड होते. पहिला कागद म्हणजे भाडेकरूची माहिती. घर भाड्याने दिले की ते कोणाला दिले हे मालकाने स्थानिक पोलीस ठाण्याला कळवायचे. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर यासाठी फॉर्म आहे. तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला सरकारी शुल्क नाही. दुसरा कागद चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा. तो नोकरीसाठी लागतो, ज्याचा त्याने अर्ज करून, शुल्क भरून घ्यायचा असतो आणि त्याला वेळही लागतो. घर भाड्याने घेण्याशी त्याचा संबंध नाही. तिसरा कागद तुमच्या मनात असतो, तो म्हणजे 'पोलिसांची एनओसी'. हा भाडेकरू चांगला आहे, याला घर द्यायला आमची हरकत नाही, असे लिहून शिक्का मारून देणारे पोलीस ठाणे मी तरी पाहिलेले नाही. पोलीस माहिती घेतात, ठेवतात, गरज वाटली तर तपासतात, कधी बीटवरचा हवालदार येऊन चौकशीही करतो. पण घर कोणाला द्यायचे हा निर्णय मालकाचाच असतो आणि पोलीस तो आपल्या अंगावर घेत नाहीत.

त्या रविवारी चेअरमनसाहेबांना हवा होता तिसरा कागद, ते म्हणत होते दुसऱ्याचे नाव, आणि मुलींकडे पहिल्याची साधी प्रिंट होती. प्रिंटवर ओला शिक्का नव्हता म्हणून ती खोटी ठरली. मुली ती घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. ठाणे अंमलदारांनी सांगितले, ऑनलाइन भरलंय ना, मग शिक्का कशाला? मुली परत आल्या. चेअरमन म्हणाले, तसं त्यांच्याकडून लिहून आणा. तो दिवस असाच गेला. रात्री त्या एका मैत्रिणीच्या खोलीवर झोपल्या आणि सामान जिन्याखालीच राहिले.

आता जबाबदारी कोणाची, हे नीट पाहू. भाडेकरूची माहिती द्या, हा आदेश पोलीस आयुक्त काढतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आणि आता त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. या कलमाखालचा आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. वर्तमानपत्रात "घरमालकांनी भाडेकरूंची माहिती द्यावी, पोलिसांचे आदेश" ही बातमी तुम्हाला दर काही महिन्यांनी दिसते, तिचे कारण हेच. मध्येच एखादी मुदत संपली म्हणून सुटलो असे कोणी धरू नये, मागोमाग दुसरा आदेश येतो.

आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या अवज्ञेमुळे कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका झाला तर हीच शिक्षा एक वर्ष आणि पाच हजार रुपयांपर्यंत जाते. आणि माहिती देण्याचे कर्तव्य आदेशात घातलेले असते ते घर देणाऱ्यावर. घर घेणाऱ्याचे काम मालकाने मागितलेली माहिती खरी आणि वेळेवर देण्याचे. ती देत नसेल तर तिला घर देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण तिने दिली आणि तुम्ही पुढे पाठवली नाही, तर चूक तिची होत नाही. जिन्याखाली बसवायचेच असेल तर तिला बसवून काय उपयोग?

कराराचेही तसेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज अजून घट्ट बसला आहे. आपल्या राज्यात तो चुकीचा आहे. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला कागद या कलमाच्या कसोटीला उतरत नाही. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जास्त चटका बसतो तो वेगळाच: वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, उलटे सिद्ध होईपर्यंत. हे इथे सांगायचे कारण एवढेच की करार आणि पोलिसांची माहिती ही दोन वेगळी कामे आहेत. करार नोंदवला म्हणजे पोलिसांना कळवले, किंवा पोलिसांचा फॉर्म भरला म्हणजे करार नको, असे धरून चालू नका.

आता त्या मुलींचा फॉर्म उघडून दाखवते, कारण चुका त्यातच होत्या.

फॉर्मच्या पहिल्या भागात मालकाची माहिती असते. नाव, पत्ता, मोबाईल, फोटो. सांगलीच्या मालकांनी हे काम एजंटला सांगितले होते आणि एजंटने मालकाच्या मोबाईलच्या जागी स्वतःचा नंबर टाकला होता. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. फोन आला तर आपल्याकडे यावा, मालकाला त्रास नको, असा त्यामागचा विचार असतो. पण वर्षभराने एजंट नंबर बदलतो किंवा धंदाच सोडतो, आणि पोलिसांना मालक हवा असतो तेव्हा कोणीच सापडत नाही. म्हणून एजंटने फॉर्म भरून दिला तरी हरकत नाही, पण प्रिंट हातात घेऊन आधी स्वतःचा नंबर वाचा. सही करण्याआधी चेकवरची रक्कम वाचतो, तसे.

दुसरा भाग भाड्याने दिलेल्या जागेचा, आणि त्यात पोलीस ठाणे निवडायचे असते. सगळ्यात जास्त फॉर्म इथे चुकतात. खराडीचा फ्लॅट, म्हणून एजंटने जुन्या सवयीने चंदननगर निवडले. पूर्वी ते बरोबर होते. आता खराडीला स्वतंत्र पोलीस ठाणे झाले आहे. तेच बाणेरचे. आधी चतुःशृंगी होते, आता बाणेरचे वेगळे. त्यापलीकडे आयुक्तालयाचाच गोंधळ. वाकड, हिंजवडी, चाकण हे भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत. वाकडचा फ्लॅट पुणे शहराच्या संकेतस्थळावर भरून प्रिंट काढून निवांत झालेले मालक मी पाहिले आहेत. कागद आहे, पण ज्या ठाण्याला कळायला हवे त्याला कळलेच नाही. हद्दीबद्दल शंका असेल तर जवळच्या चौकीत बिल्डिंगचे नाव आणि रस्ता सांगून विचारा. पाच मिनिटांचे काम आहे आणि तिथली माणसे सांगतात.

तिसरा भाग भाडेकरूचा. इथे तिने काय द्यायचे, ते मी त्या मुलीच्या उदाहरणाने सांगते. अलीकडचा फोटो. ओळखपत्र, म्हणजे आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी एक. मोबाईल नंबर, ईमेल असेल तर तो. कायमचा पत्ता. कुठे काम करते, त्या ठिकाणाचा पत्ता आणि फोन. तिला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावे आणि नंबर. एजंट असेल तर त्याचे नाव. करार कधी सुरू, कधी संपणार. बस. वाचायला एक मिनिट लागते आणि द्यायला फार तर अर्धा तास.

यातल्या दोन गोष्टींवर मुली अडकतात. एक, कायमचा पत्ता. आधारवर गावाचा पत्ता असतो आणि मालक म्हणतात, पुण्याचा पत्ता असलेले आधार आण. अहो, गावाचाच पत्ता तर हवा आहे! पुण्यात ती कुठे राहते हे फॉर्मच्या दुसऱ्या भागात आलेच आहे. ती मुळात कुठली, उद्या काही लागले तर घरच्यांना कुठे गाठायचे, यासाठी तो रकाना आहे. त्या मुलीच्या आधारवर औसा तालुक्यातले गाव होते आणि ते अगदी बरोबर होते. मात्र पत्ता पूर्ण हवा. "मु. पो. अमुक, जि. लातूर" एवढ्यावर भागवू नका. तालुका, पिनकोड, वाडी किंवा गल्ली असेल तर तीही लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळखणारी दोन माणसे. बऱ्याच मुली इथे आई आणि वडील लिहितात. चुकीचे नाही, पण उपयोगाचे कमी. आईवडिलांपर्यंत कायमच्या पत्त्यावरून पोहोचता येतेच. इथे पुण्यात असलेले, रोज भेटणारे माणूस लिहावे. वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर, आधीच्या घराच्या मालकीणबाई, वाघोलीत राहणारा मामा. आणि ज्याचे नाव लिहिले त्याला आधी फोन करून सांगावे. चौकीतून फोन आला आणि समोरच्याने "कोण ही? मला नाही माहीत" असे दचकून उत्तर दिले की नसती शंका उभी राहते. एकदा असे झालेले मी पाहिले आहे. त्या मुलाच्या काकांना वाटले की फसवणुकीचा फोन आहे, म्हणून त्यांनी ओळखच नाकारली.

आणखी एक. करार तिघींच्या नावाने असेल तर माहिती तिघींची जायला हवी. आमच्या प्रकरणात एकीचीच गेली होती, बाकी दोघी "सोबत राहणाऱ्या" म्हणून आकड्यात मोजल्या गेल्या. कुटुंब असेल तर नवरा किंवा बायको एकाची माहिती आणि बाकीच्यांची संख्या हे समजण्यासारखे आहे. एकमेकींशी नाते नसलेल्या तीन प्रौढ मुलींचे तसे करू नका.

तर, चंदननगरच्या जागी खराडी, एजंटच्या जागी मालकांचा नंबर, आणि एकीच्या जागी तिघी, असा फॉर्म सोमवारी सकाळी मालकांच्या मुलाने सांगलीहून पुन्हा भरला. मी फोनवर होते. तीन फॉर्मना मिळून पाऊण तास लागला, त्यातही वेळ गेला तो फोटोंचा आकार कमी करण्यात.

आता मागू नये ते. मालकांनी तिच्याकडे गावच्या पोलीस पाटलाचा दाखला मागितला होता. तिने तोही आणला होता! सुट्टी टाकून, रात्रीच्या एसटीने जाऊन. पोलीस पाटील सही करून शिक्का देतात, कागद छान दिसतो, पण फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. तसेच सॅलरी स्लिप. भाडे परवडेल का हे पाहायला मालक म्हणून तुम्ही ती बघू शकता, पण ती पोलीस व्हेरिफिकेशनच्या नावाने मागू नका आणि सोसायटीने तर मागूच नये. वडिलांचे संमतीपत्र, जातीचा दाखला, लग्न ठरले आहे का, हे प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकले आहेत, "पोलिसांना द्यावं लागतं" असे सांगून विचारलेले. हे खोटे आहे. तुम्हाला जे विचारायचे आहे ते स्वतःच्या नावावर विचारा, पोलिसांच्या नावावर नको.

याहून मला जास्त बोचले ते पुढचे. तिघींची आधार कार्डे सेक्रेटरींनी मागितली आणि "नवीन भाडेकरू, फ्लॅट नंबर अमुक" असे लिहून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दोनशेहून जास्त माणसांचा ग्रुप. तीन अविवाहित मुलींचे फोटो, जन्मतारखा, गावाचे पत्ते, आधार क्रमांक, कोणत्या मजल्यावर राहतात ते. सुरक्षेसाठी, म्हणे. कोणाच्या सुरक्षेसाठी? मी सेक्रेटरींना फोन केला तेव्हा त्यांनी ते काढून टाकले, वाईट हेतू त्यांचा नव्हताच. पण तोवर ते किती फोनमध्ये उतरले, कोण सांगणार.

म्हणून भाडेकरूंनाही सांगते. पोलिसांच्या फॉर्मला ओळखपत्र द्या, करार नोंदवताना आधार आणि अंगठा लागतो तिथे द्या. सोसायटीच्या फाइलसाठी, एजंटसाठी मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येते. पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. त्या प्रतीवर आडवे लिहा, "फक्त अमुक सोसायटी, फ्लॅट अमुक, भाडेकरू नोंदीसाठी", खाली तारीख. आणि मालकांनो, घर सोडल्यावर तिची कागदपत्रे फोनमध्ये ठेवून काय करणार? एजंटच्या फोनमधूनही काढून टाकायला सांगा.

सोसायटीच्या हातात किती अधिकार आहे, तेही एकदा आपले उपविधी उघडून वाचा. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सोसायटीला कळवायचे, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. प्रत, म्हणजे माहिती दिली याचा पुरावा. ऑनलाइन भरल्यावर मिळणारी प्रिंट हाच तो पुरावा आहे, तिच्यावर निळा शिक्का शोधत बसू नका. आणि प्रत आली नाही तर पत्र लिहायचे ते सभासदाला, कारण सोसायटीचे नाते त्याच्याशी आहे. भाडेकरूचा टेम्पो अडवणे, पाणी बंद करणे, लिफ्टचे कार्ड न देणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

इतके सगळे लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, बाईंना हा फॉर्मच नको आहे. उलट आहे. मला तो हवा आहे, आणि नीट हवा आहे. आपण सगळी ताकद पहिल्या दिवशी गेटवर खर्च करतो आणि नंतर अकरा महिने त्या कागदाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. खरी गळती तिथे आहे.

त्याच खराडीच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर, चार मुलगे राहतात. त्यांचा करारही माझ्याकडचा, दीड वर्षापूर्वीचा. त्या रविवारी मी पार्किंगमध्ये उभी असताना त्यातला एक ओळखीचा चेहरा दिसतो का म्हणून पाहत होते. एकही दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की मूळ चौघांपैकी एक बेंगळुरूला गेला, त्याच्या जागी त्याचा मित्र आला. दुसऱ्याचे लग्न झाले, त्याच्या जागी तिसराच कोणी. पुढे आणखी एकाच्या जागी असाच नवा आला. आता मूळचा एकच उरला आहे, आणि तो बहुतेक वर्क फ्रॉम होम करत गावी असतो. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला वेळेवर येते म्हणून मालकांना पत्ता नाही. करार केव्हाच संपलेला. सोसायटीच्या फाइलमध्ये शिक्का असलेली, सुंदर, जुनी प्रत. पोलिसांच्या नोंदीत चार नावे, त्यातली तीन त्या घरात राहतच नाहीत, आणि जी तीन माणसे राहतात त्यांची नावे कुठेच नाहीत. ती मुले साधी, नोकरी करणारी आहेत, त्यांनी काही लपवले नाही. कोणी विचारलेच नाही. पण उद्या त्यांच्यापैकी कोणाला अपघात झाला तर घरच्यांचा नंबर कोणाकडे आहे?

ज्या चेअरमननी परिचारिकांचा फ्रीज जिन्याखाली थांबवला, त्यांच्याच डोक्यावर दोन मजले वर हे चालू होते. मी त्यांना तसे सांगितले. रागाने नाही, खरेच काळजीने. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे आमच्या लक्षातच आलं नाही हो."

तर माझी विनंती ही आहे. रूममेट बदलला की नव्या माणसाची माहिती पोलिसांना द्यायची, आणि करारात त्याचे नाव आणायचे. मालकाने करारातच एक ओळ घालून घ्यावी की सोबत राहणारे कोणी बदलल्यास भाडेकरूने सात दिवसांत कळवावे. मी आता माझ्या प्रत्येक करारात ती घालते. कराराचे नूतनीकरण झाले की फॉर्म नव्याने भरावा, कारण जुन्या प्रतीवरची शेवटची तारीख उलटलेली असते. आणि कमिटीने वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी, भाड्याच्या फ्लॅटची यादी काढून प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारावा: आज त्या घरात कोण राहते? उत्तर फाइलशी जुळले नाही तर फॉर्म पुन्हा. यासाठी गेटवर कोणाला अडवावे लागत नाही.

आमच्या व्यवसायातल्या लोकांसाठीही दोन शब्द. "पोलीस व्हेरिफिकेशन चार्ज" म्हणून आपण पाचशे, हजार घेतो. मेहनतीचे पैसे जरूर घ्या, मीही घेते. पण पावतीवर "फॉर्म भरण्याची मजुरी" असे लिहा. पोलिसांचे शुल्क आहे असे भासवू नका. त्या मुलीकडून एजंटने बाराशे रुपये घेतले होते आणि ती समजत होती की ते पोलिसांत भरले.

सोमवारी दुपारी नव्या प्रिंट घेऊन मी आणि ती मुलगी चेअरमनसाहेबांकडे गेलो. त्यांनी तिन्ही प्रिंट वाचल्या, पोलीस ठाण्याचे नाव पाहिले, मालकांच्या नंबरवर तिथल्या तिथे फोन लावून तो लागतो का ते पाहिले, आणि वॉचमनला इंटरकॉमवर सामान वर न्यायला सांगितले. तिचा फ्रीज उचलायला वरच्या मजल्यावरची तीन मुले आली, तीच, ज्यांची नावे कुठेच नव्हती. गेल्या आठवड्यात त्यांचा करार नव्याने झाला. फोटो, ओळखपत्रे, गावचे पत्ते, प्रत्येकी दोन ओळखीची माणसे. त्यांतल्या एकाने ओळखीचे माणूस म्हणून चेअरमनसाहेबांचेच नाव दिले आहे, आणि देण्याआधी त्यांना विचारले आहे.

आपली नम्र,
भाडेकराराची नोंदणी करून देणारी एक पुणेकर